दहा ते साडेबारा, मीटिंग नाही

रत्नागिरीतली आमची पाच जणांची टीम आंब्याचा पल्प बनवणाऱ्या कारखान्यांचं बिलिंग सॉफ्टवेअर सांभाळते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी सरांना म्हटलं, "मीटिंगा कमी करूया." सरांनी विचारलं, "कुठली बंद करू ते सांग." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग दोन आठवड्यांचं कॅलेंडर वहीत उतरवून काढलं. साडेदहाला पंधरा मिनिटांचा स्टँडअप, पावणेबाराला ग्राहकाचा कॉल, तीनला आणि साडेचारला आणखी दोन बैठका. सगळं मिळून जेमतेम पावणेदोन तास. पण जेवणाची सुट्टी धरली तर दिवसभरात एका तासापेक्षा जास्त सलग वेळ कुठेच नव्हता. करआकारणीच्या कोडमध्ये कुठला आकडा कुठून येतो हे डोक्यात बसायलाच अर्धा तास जातो, आणि तेवढ्यात पुढची मीटिंग येते.

म्हणून नव्या प्रस्तावात एकही मीटिंग रद्द करायला सांगितली नाही. स्टँडअप साडेबाराला आणि ग्राहकाचा कॉल दुपारी न्यायचा, की दहा ते साडेबारा सलग मोकळे. मंगळवार ते गुरुवार, चार आठवडे करून बघू, एवढंच मागितलं. तुम्ही मांडाल तेव्हा आधीचा आणि नंतरचा दिवस एकाच पानावर शेजारी शेजारी काढा. आमची चर्चा त्या पानावरच झाली.

सरांची खरी काळजी वेगळी होती. "पल्पचा ट्रक गेटवर उभा आहे आणि ई-वे बिल निघत नाही, तेव्हा मी कोणाला गाठू?" प्रश्न रास्त होता. ई-वे बिलाशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. तेव्हा ठरलं की ग्राहकाचं काम थांबलं असेल किंवा बिलाची रक्कम चुकत असेल, तर तातडीचं. तातडीचं असेल तर थेट फोन करायचा. ग्रुपवरचा मेसेज साडेबारानंतर बघितला जाईल. फोन रोज एकाकडे, पाळीने. त्याचं नाव कॅलेंडरवर, आणि त्या दिवशी त्याला किरकोळ कामंच द्यायची. दुसऱ्या कोणाला उठवायचं का, हे तोच ठरवणार आणि नंतर ग्रुपवर एक ओळ लिहिणार.

पहिल्या आठवड्यात सात फोन आले, खरे तातडीचे दोनच. बाकीचे पाच आमच्याच ऑफिसातून होते: "ही फाइल कुठे आहे?" त्या ओळी वाचूनच हे कळलं. फायलींची यादी भिंतीवर लावली आणि ते फोन थांबले.

मे महिन्यात मात्र कारखाने रात्रंदिवस चालतात. तेव्हा एक माणूस पुरेना, म्हणून फोनवर दोघांना बसवलं आणि मोकळी वेळ फक्त बुधवारी ठेवली. पाऊस सुरू झाल्यावर पुन्हा तीन दिवस केले.