ग्रामसभेच्या विस्कळीत टिपणाची विषयपत्रिकेप्रमाणे मांडणी

यवतमाळ जिल्ह्यातील एका ग्रामपंचायतीत सभेच्या ध्वनिमुद्रणावरून शब्दशः टिपण उतरवण्याचे आणि त्यावरून इतिवृत्ताचा मसुदा करून देण्याचे काम मी करतो. विषयपत्रिकेवर विषय ओळीने छापलेले असतात, पण सभा त्या ओळीने चालत नाही. घरकुलांची यादी वाचली जात असताना कोणी नळाचे पाणी काढतो, तर जमाखर्चाच्या मध्येच पांदण रस्ता येतो.

मूळ टिपण तसेच राखून ठेवावे आणि त्याच्या प्रतीवर काम करावे. प्रत्येक बोलण्याला प्रथम सलग क्रमांक द्यावा आणि नंतर समासात विषयाचा क्रमांक लिहावा. उचलाउचल त्यानंतरच सुरू करावी. क्रमांक देतानाच ‘त्याचं काय झालं?’ यासारखी वाक्ये तपासावीत, कारण जागा बदलली की ‘त्याचं’ म्हणजे कशाचे हे वाचणाऱ्याला कळत नाही. अशा ठिकाणी चौकटी कंसात ‘[विहिरीच्या मोटरचे]’ असे लिहावे. बोलणाऱ्याच्या तोंडी नवे शब्द घालू नयेत.

खरी अडचण ठरावाच्या आसपास येते. एका सभेत विषय 4, म्हणजे नळयोजनेच्या नव्या पाइपलाइनचा ठराव, बोलणे क्रमांक 58 ला सर्वानुमते मंजूर झाला. पुढे विषय 6 चालू असताना, क्रमांक 83 ला, एका शेतकऱ्याने बैलबंड्यांच्या, म्हणजे बैलगाड्यांच्या, वाटेबद्दल विचारले, “पाइप पांदनीतून टाकसान तर बंड्या कोठून जातीन?” विषय 5 पांदण रस्त्याच्या खडीकरणाचा होता, त्यामुळे हे वाक्य तिथे टाकण्याचा मोह होतो. मात्र सचिवांनी दिलेले उत्तर पाइप कडेने नेण्याबद्दल आणि खोदलेली जागा बुजवण्याबद्दल होते. म्हणून प्रश्न आणि उत्तर दोन्ही विषय 4 खाली गेले आणि विषय 5 खाली फक्त ‘पाहा : विषय 4, क्र. 83’ एवढी नोंद राहिली.

विषय 4 मध्येही ही शंका ठरावाच्या आधी ठेवता येत नाही. तसे केल्यास शंका ऐकून, तिचे निरसन होऊन मगच सर्वांनी ठराव मंजूर केला असे दिसेल, आणि प्रत्यक्षात घडले होते त्याच्या उलट. म्हणून एका विषयाखाली आलेली बोलणी मूळ क्रमांकांच्या चढत्या क्रमानेच लावावीत आणि दूरवरून आणलेल्या बोलण्यापूर्वी ‘ठराव मंजूर झाल्यानंतर, विषय 6 च्या वेळी’ असे नोंदवावे. सूचक व अनुमोदक यांची नावे मात्र ठरावापासून कधीच तोडू नयेत. ‘हो, मंजूर’ असा नुसता आवाज असेल, तर त्याच्या लगत आधी सभेपुढे काय मांडले गेले होते ते मूळ प्रतीत पाहूनच त्याला विषयाचा क्रमांक द्यावा.

ज्या विषयावर कोणीच बोलले नाही, त्याचे शीर्षक गाळू नये. खाली ‘चर्चा झाली नाही’ असे लिहावे. पत्रिकेत नसलेली बोलणी शेवटी ऐनवेळच्या विषयांत जातात, परंतु तो विभाग अडगळीची खोली होऊ लागला की समासातील क्रमांक पुन्हा पाहावेत. अखेरीस सर्व विभागांतील क्रमांक मूळ प्रतीशी ताडून पाहावेत. एखादा क्रमांक कुठेच नसेल तर बोलणे गळाले आहे, आणि पूर्ण मजकुरासह दोनदा आला असेल तर दोन्हींपैकी एका ठिकाणी केवळ ‘पाहा’ ही नोंद ठेवावी.