रिंग बाहेरून मोजायची

वडोदऱ्यात रावपुऱ्याकडच्या एका घराच्या साइटवर मी डिप्लोमानंतर लागलो. पहिल्याच आठवड्यात एका बीमचं बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे सळया किती लांब कापायच्या आणि कशा वाकवायच्या याचा तक्ता, करायला मिळालं. बीम २३० रुंद, ४५० खोल (सगळी मापं मिलीमीटरमध्ये), मधला गाळा ४०००, दोन्ही टोकं २३० च्या भिंतींवर नुसती टेकलेली. खाली १६ च्या तीन सळया, वर १२ च्या दोन, त्यांच्याभोवती रिंगा ८ च्या, आणि कव्हर, म्हणजे लोखंडावरचा काँक्रीटचा थर, २५.

कव्हर मी मुख्य सळईपर्यंत मोजलं आणि रिंग त्या सळयांच्या बाहेरून गुंडाळली. आयएस ४५६ प्रमाणे कव्हर सगळ्यात बाहेरच्या लोखंडापर्यंत, म्हणजे रिंगेपर्यंत असतं. माझी रिंग १९६ × ४१६ झाली. २६ रिंगा वाकवून झाल्यावर फिटर म्हणाला, "साहब, ब्लॉक नहीं घुस रहा." शटरिंग आणि रिंगेमध्ये कव्हरसाठी ठेवायचा २५ चा ब्लॉक बसत नव्हता, कारण दोन्ही बाजूंना कव्हर १७ च उरत होतं. वाकवलेली सळई सरळ करून पुन्हा वाकवली तर तिथेच तडा जाण्याची भीती, म्हणून सगळ्या रिंगा भंगारात.

बरोबर हिशेब असा. बाहेरून मोजलेली रिंग १८० × ४००, परिघ ११६०. दोन हुकांचे प्रत्येकी १० व्यास, म्हणजे १६० मिळवायचे. मग वाकांची वजावट: ९० अंशांचे तीन वाक प्रत्येकी १६, १३५ अंशांचे दोन प्रत्येकी २४, एकूण ९६. सळई कापायची १२२४.

रिंगांची संख्या मोजताना रिंगांमधले गाळे आणि रिंगा यांत गल्लत होते. टेकूजवळ शिअर, म्हणजे बीम कापू पाहणारा जोर, जास्त, म्हणून तिथे १५० वर आणि मध्ये २०० वर रिंगा होत्या. पहिली रिंग भिंतीच्या कडेपासून ५० वर. तिथून ११०० पर्यंत १५० चे सात गाळे, म्हणजे आठ रिंगा. दुसऱ्या टोकालाही आठ. मधल्या १८०० मध्ये २०० चे नऊ गाळे, पण दोन्ही कडेच्या रिंगा आधीच धरलेल्या, म्हणून नव्या आठच. झाल्या २४, भिंतीवरच्या भागात एकेक धरून २६. ८ ची सळई मीटरला ०.३९५ किलो, म्हणजे साडेबारा किलो.

खालच्या सळईचं टोक मात्र सरळ सोडलं नव्हतं. एम२० काँक्रीट आणि एफई५०० सळईला टेकूच्या आत साधारण ३०० ची पकड लागते, आणि भिंतीत कव्हर वजा जाता २०५ च मिळतात. म्हणून टोकाला १५० चा एल वर वाकवला होता. कापायची लांबी: दोन्हीकडचे २०५ धरून ४४१०, अधिक दोन एलचे ३००, वजा दोन वाकांचे ६४, म्हणजे ४६४६.

आता मी फिटरला आधी एकच रिंग करायला लावतो. ती शटरिंगमध्ये उभी करून चारही बाजूंना ब्लॉक सरकवून पाहतो, मगच बाकीच्या २५ कापायला सांगतो.