तोट्यातलं विसर्जन आणि वसुली खाते: या चुका टाळा

भागीदारी संस्था विसर्जित करताना संपत्ती पुस्तकी किमतीपेक्षा कमीत विकली गेली की वसुली खात्याला तोटा येतो, यात काही अवघड नाही. तरी दरवर्षी वह्या तपासताना तीच चूक दिसते. ऋणको संशयित कर्ज निधी वजा करून, निव्वळ रकमेने खात्यात नेले जातात.

आमच्या कार्यालयातल्या एका शिकाऊ मुलाचं काम घ्या. भागीदार अ आणि ब, नफा-तोटा ३:२. यंत्रे ४,००,०००, माल १,५०,०००, ऋणको १,००,०००, त्यावर संशयित कर्ज निधी १०,०००. रोख २०,०००. धनको १,२०,०००, अ ने संस्थेला दिलेले कर्ज ५०,०००, भांडवल अ २,९०,००० आणि ब २,००,०००. यंत्रांचे २,६०,०००, मालाचे १,००,००० आणि ऋणकोंचे ८०,००० आले. धनकोंची पूर्ण फेड झाली, विसर्जन खर्च १०,०००.

त्याने ऋणको ९०,००० नावे टाकले आणि निधीचे १०,००० पुन्हा जमेलाही घेतले. निधी दोनदा वजा झाला, तोटा २,००,००० आला, आणि भागीदारांना द्यायची रक्कम हातातल्या रोखीपेक्षा १०,००० ने जास्त निघाली. चूक शोधायची सोडून त्याने 'इतर खर्च १०,०००' अशी नोंद ठोकली. नेमकी हीच घाई मला सहन होत नाही. जुळवलेली वही चुकीच्या वहीपेक्षा वाईट, कारण ती पुन्हा कोणी तपासत नाही. ऋणको १,००,००० नावे, निधी १०,००० जमा, एवढंच करायचं होतं.

माझी सवय अशी की खातं लिहिण्याआधीच तोटा काढून ठेवते. यंत्रांवर १,४०,०००, मालावर ५०,०००, ऋणकोंवर निधी वजा जाता १०,०००, शिवाय खर्च १०,०००. एकूण २,१०,०००. वसुली खात्यातून वेगळा आकडा आला, तर कुठेतरी एक बाजू चुकली आहे.

दुसरी चूक रोखीच्या ताळ्यात पकडली जात नाही, म्हणून ती जास्त धोक्याची. वसुलीचा तोटा भांडवलाच्या प्रमाणात वाटला, तरी रोख जुळतेच. भागीदारी कायदा १९३२ च्या कलम ४८ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर भागीदारांवर येणारा तोटा नफ्याच्याच प्रमाणात पडतो. म्हणून अ वर १,२६,००० आणि ब वर ८४,०००. भांडवल उरते अ चे १,६४,००० आणि ब चे १,१६,०००. बेरीज २,८०,०००. रोखही तेवढीच: २०,००० आणि ४,४०,००० मधून धनको, खर्च आणि अ चे कर्ज वजा जाता.

बाकीच्या चुका थोडक्यात. रोख व बँक शिल्लक वसुली खात्यात नेऊ नका. भागीदाराचं कर्जही नाही. ते बाहेरच्या देण्यांनंतर आणि भांडवलाच्या आधी थेट फेडायचं. भागीदाराने संपत्ती घेतली, तर ठरलेल्या किमतीला त्याचं भांडवल खाते नावे करा, पुस्तकी किमतीला नव्हे. तोट्यानंतर एखाद्याचं भांडवल नावे बाजूला गेलं, तर त्याने ती रक्कम आणेपर्यंत शेवटचं वाटप थांबवा.