वापरलेली डिझायनर बॅग: पैसे पाठवण्याआधीचा मेसेज

राजारामपुरीतल्या विक्रेतीकडे लुई व्हिताँची वापरलेली बॅग आवडली, तर ‘अजून फोटो पाठवा’ एवढंच लिहू नका. तेच गुळगुळीत फोटो पुन्हा येतात. असं लिहा:

‘ताई, बॅग आवडली. पैसे भरण्याआधी एवढे फोटो द्याल का? खालचे चारही कोपरे जवळून, हँडल जिथं जोडलंय तिथली शिलाई आणि आतला डेट कोड, अक्षरं वाचता येतील असा. एका फोटोत बॅगेशेजारी आजची तारीख आणि ‘रंकाळा’ लिहिलेली चिठ्ठी ठेवा. खिडकीजवळ, फ्लॅश न लावता काढा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.’

डॉक्युमेंट अशासाठी की साध्या फोटोत बारीक शिलाई पुसट होते. चिठ्ठीमुळं बॅग खरंच त्यांच्या हातात आहे का, ते कळतं. शब्द मात्र तुम्हीच निवडा.

डेट कोड म्हणजे बॅग कधी बनली ते सांगणारी अक्षरं आणि आकडे. तो नीट वाचा. २००७ पासूनच्या कोडमध्ये पहिला आणि तिसरा आकडा आठवड्याचा, दुसरा आणि चौथा वर्षाचा. SD1127 म्हणजे २०१७ चा बारावा आठवडा. विक्रेती ‘२०१५ ला घेतली’ म्हणत असेल, तर गणित बसत नाही. २०१९ ची खरेदी असेल तर चालतं, माल दुकानात पडून राहतो. २०२१ पासून कोडऐवजी चिप येते, म्हणून नव्या बॅगेत कोड नसला तरी बिचकू नका. आणि कोड जुळला म्हणजे बॅग अस्सल, असंही नाही. नकली बॅगेवरही तो छापतात.

कडांचा रंग चिकट झालाय का, हे फोटोत दिसत नाही. त्यासाठी कडेवर बोट दाबून उचलतानाचा पाच सेकंदांचा व्हिडिओ मागा.