फ्लॅट बघायला जाताना पॅन कार्ड घरीच ठेवा

वाकडला फ्लॅट बघायला जाणार असाल, तर पहिली तयारी म्हणजे पॅन कार्ड घरीच ठेवा. साईट ऑफिसात कर्जाचा एजंट बसलेला असतो. "नुसतं बघू या किती लोन बसतंय" म्हणत तो पॅन नंबर आणि ओटीपी घेतो आणि फाईल एकदम चार बँकांत लॉगिन करतो, म्हणजे तुमच्या नावाने अर्ज टाकतो. मग प्रत्येक बँक तुमचा क्रेडिट रिपोर्ट मागवते आणि त्या प्रत्येक चौकशीची तारखेसह नोंद राहते.

माझ्या मावसभावाच्या नावावर अशा तीन आठवड्यांत सहा चौकशा लागल्या. सिबिल 758 वरून 741 वर आला. त्याच महिन्यात त्याने कार्डावर फ्रिज घेतला होता, त्यामुळे सगळी घट चौकश्यांचीच असं मी म्हणणार नाही. पण त्याच्या बँकेचा कमी दर 750 च्या वरच्या स्कोअरलाच होता. 40 लाख, 20 वर्षं, 8.50 ऐवजी 8.75 टक्के, हप्ता 34,713 ऐवजी 35,348 रुपये. महिन्याला 635 रुपये जास्त, म्हणजे पूर्ण मुदतीत दीड लाखाच्या वर. ते अजून माझ्या मनाला लागतं.

मंडईत चार गाळ्यांवर भाव विचारला तर कोणी नाव लिहून ठेवत नाही, इथे ठेवतात. तुम्ही दर ताडून बघत होतात, हे रिपोर्टमध्ये दिसत नाही. दिसतं एवढंच, की या माणसाने थोड्या दिवसांत खूप ठिकाणी कर्ज मागितलं. बाकीच्यांनी नाकारलं असेल, किंवा सगळीकडून मिळून हप्ते डोईजड होतील, अशी शंका त्यातून येते.

म्हणून अर्जाच्या दोन-तीन महिने आधी स्वतःचा रिपोर्ट काढा. स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही, आणि चारही क्रेडिट कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. बायको सहअर्जदार असेल तर तिचाही काढा, कारण बँक दोघांचे मागवते. मग स्कोअर आणि पगार तोंडी सांगून शाखांमध्ये दर आणि प्रोसेसिंग फी विचारा, वहीत लिहा. पॅन मागितला तर "अर्ज करताना देतो" म्हणा. अर्ज मात्र निवडलेल्या एक-दोन बँकांतच करा, आणि एजंटला व्हॉट्सॲपवर लिहून द्या: मला विचारल्याशिवाय कुठेही लॉगिन करू नका. कर्जाचे पैसे हातात पडेपर्यंत नवं क्रेडिट कार्ड किंवा पर्सनल लोन मागू नका.

मोबाईल नंबर आणि ईमेल रिपोर्टमध्ये बरोबर आहेत ना, तेही बघा. कुणी रिपोर्ट पाहिला की त्यावरच सूचना येते. न केलेली चौकशी दिसली तर लगेच त्या क्रेडिट कंपनीकडे तक्रार करा. 30 दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मागता येते.