उक्त्या कामाची वाटणी : खर्ची आधी परत मिळवा

पुढच्या आठवड्यात पुन्हा प्लास्टरचं एक उक्तं काम घेतोय, म्हणून ही तयारी लिहून ठेवतो. गेल्या वर्षी इंदूरलाच सुदामानगरातल्या एका घराच्या कामात वाटणी माझ्या हातून चुकली आणि बावीस दिवस डोक्यावरून मसाला वाहिलेल्या रेजाला, म्हणजे बाई मजुराला, तिच्या रोजापेक्षाही कमी पैसे गेले. ठेक्यात फायदा असताना. ते पुन्हा होता कामा नये.

वही, पेन, कॅल्क्युलेटर हवंच. त्यावर जास्त बोलत नाही.

काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सगळ्यांना एकत्र बसवून प्रत्येकाचा रोज ठरवा आणि सगळ्यांसमोर लिहा. इथे रोज म्हणजे हातात पडणारी मजुरी नाही, वाट्याचं माप आहे. आमच्या कामात माझा ९००, दुसऱ्या मिस्त्रीचा ८००, दोन मजुरांचा आणि रेजाचा ५०० असा ठरला होता. मजूर आणि रेजा सारखंच ओझं वाहतात, तेव्हा रोजही सारखाच. यावर मी वाद घालत नाही. काम मी आणलं म्हणून मला जास्त हवं असेल, तर ते माझ्या रोजातच दिसलं पाहिजे. रोजही चढा आणि वर वेगळे पैसेही, असं करू नका. लोकांच्या ते लक्षात येतं आणि तिसऱ्या दिवसापासून कामात ढिलाई दिसते.

वाट्यात कोण आणि रोजंदारीवर कोण, हेही त्याच दिवशी ठरवा. चौकावरून एका दिवसासाठी आणलेला मजूर वाटेकरी नसतो. त्याला संध्याकाळी पूर्ण मजुरी द्यायची आणि ती खर्चात लिहायची. ठेका तोट्यात गेला तर त्याची झळ त्याला का लागावी?

हजेरी रोज संध्याकाळी, हातपाय धुण्याआधी. दुसऱ्या दिवशी कुणाला काही आठवत नाही. जेवणाच्या सुट्टीआधी गेला तर अर्धा दिवस, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा.

आता खर्चीचं. ज्यासाठी हे सगळं लिहितोय ते हेच आहे.

दर शनिवारी मालकाकडून थोडी रक्कम येते आणि ज्याला जेवढी गरज तेवढी तो खर्ची, म्हणजे वाट्यापोटी आगाऊ रक्कम, उचलतो. कुणी सहा हजार, कुणी अडीच. काम संपतं, मालक शेवटचा हप्ता देतो आणि हातात एक रक्कम उरते. वाटतं, हीच वाटायची. इथेच चूक होते. हातात उरलेली रक्कम वाटू नका. खर्ची आधी परत मिळवा, म्हणजे कागदावर ती ठेक्यात पुन्हा जमा करा, पूर्ण ठेका वाटा आणि मग प्रत्येकाच्या वाट्यातून त्याची त्याची खर्ची वजा करा.

आमचे आकडे देतो. ठेका ७५,२०० चा. परांचीचं भाडं ३,२००, चौकावरचे दोन मजूर १,०००, टेम्पो आणि चहा ६००, असा खर्च ४,८००. वाटायला राहिले ७०,४००. हजेरी अशी : माझे २२ रोज, म्हणजे १९,८००. दुसऱ्या मिस्त्रीचे अर्धे दिवस धरून १९, म्हणजे १५,२००. पहिला मजूर २२ रोज, ११,०००. दुसरा मजूर अलीराजपूरकडचा. होळीआधी भगोरियाच्या मेळ्याला गावी गेला, म्हणून त्याचे १४, म्हणजे ७,०००. रेजाचे २२, म्हणजे ११,०००. बेरीज ६४,०००. आता ७०,४०० ला ६४,००० ने भागा : १.१०. म्हणजे रोजाच्या प्रत्येक रुपयामागे एक रुपया दहा पैसे. रेजाचा वाटा झाला १२,१००. तिने खर्ची घेतली होती फक्त २,५००, तेव्हा तिला हातात ९,६०० मिळायला हवे होते. भगोरियाला गेलेल्याचा वाटा ७,७००, पण त्याने सणासाठी ६,५०० आधीच उचलले होते, तेव्हा त्याचे उरले १,२००.

मी काय केलं? सगळ्यांची मिळून २८,००० खर्ची गेली होती, हातात होते ४२,४००. तेच ६४,००० ने भागले आणि रोजाच्या रुपयामागे सव्वासहासष्ट पैसे वाटून मोकळा झालो. रेजाला दिले ७,२८७ आणि वर आठ आणे. भगोरियावाल्याला गेले ४,६३७. म्हणजे त्याची आधीची उचल जणू कुणी घेतलीच नव्हती! ज्याने जास्त उचललं त्याला पुन्हा मिळालं आणि जिने पोटाला चिमटा काढून कमी उचललं, तिच्या खिशातून ते गेलं.

रेजा शाळेत गेलेली नाही, पण तिने बोटांवर मोजलं : बावीस रोजांचे अकरा हजार होतात, मला आधीचे धरून पावणेदहाच कसे? मी वही उघडली, तीनदा बेरीज केली, बेरीज बरोबरच येत होती. बरोबर येणारच. चुकीच्या वाटणीचीही बेरीज जुळते, म्हणून बेरीज जुळली एवढ्यावर विसंबू नका. दुसऱ्या मिस्त्रीने त्याला जास्त गेलेले २,३५० त्याच संध्याकाळी परत दिले. तेवढ्यात रेजाचे २,३१२ भागले. मजुराचे ८१२ मी माझ्याजवळचे दिले. भगोरियावाला तोवर धारला दुसऱ्या कामावर निघून गेला होता.

तपासणी अशी करा : प्रत्येकाची खर्ची आणि आता द्यायची रक्कम मिळवा, तिला त्याच्या रोजांच्या बेरजेने भागा. सगळ्यांचा आकडा एकच आला पाहिजे, आमच्यात १.१०. माझ्या चुकीच्या वाटणीत रेजाचा ०.८९ येत होता आणि भगोरियावाल्याचा १.५९. दोन मिनिटांचं काम आहे. पैसे मोजायच्या आधी करा, नंतर नाही.

म्हणून खर्चीचं पान वेगळं ठेवा : तारीख, रक्कम, सही किंवा अंगठा. तोंडी खर्ची देऊच नका, फोनवरून पाठवली तरी वहीत चढवा. आणि कुणालाही तोवरच्या रोजांच्या निम्म्याहून जास्त उचलू देऊ नका. सणाच्या तोंडावर मन मोडवत नाही, तरीही. कारण ७,७०० वाट्याच्या माणसाने ८,००० उचलले तर तीनशे त्याच्याकडून यायचे असतात, आणि ते आले नाहीत तर बाकीच्यांनी सोसायचे. मध्येच जाणाऱ्याला सरळ सांगा की दर शेवटीच कळेल : जास्त आला तर त्यालाही जास्त, कमी आला तर त्यालाही कमी.

मालकाने पाणी मारून होईपर्यंत काही रक्कम अडकवली तर ती आल्यावर त्याच प्रमाणात वाटायची, नवा हिशेब नको. सुटे पैसे माझ्या वाट्यातून पुरे करायचे. सह्या घ्यायच्या, दोन्ही पानांचा फोटो सगळ्यांना पाठवायचा.

आणि वाटायला बसण्याआधी, वहीच्या पहिल्या ओळीत : खर्ची परत मिळवली का?