नातवंडाच्या जन्मासाठी आई-वडिलांना कॅनडात बोलावताना निमंत्रणपत्र कसे लिहावे

गुहागरपासून देवगडपर्यंतच्या किनाऱ्यावर आता अशी घरे पुष्कळ आहेत, जिथला मुलगा परदेशात नोकरी करतो आणि आई-वडील कलमांची बाग, घर आणि गणपती सांभाळून गावीच राहतात. सुनेला दिवस गेल्याचे कळले की मुलगा आई-बाबांना बोलावतो आणि व्हिसाच्या अर्जासोबत त्याने लिहिलेले निमंत्रणपत्र जोडावे लागते. हे पत्र आपल्या आई-वडिलांना लिहिलेले घरगुती पत्र नव्हे. ते व्हिसा अधिकारी वाचतो, म्हणून त्याला उद्देशूनच लिहिणे सोयीचे पडते. प्रत्येक देशाचे नियम वेगळे असल्यामुळे येथे मी कॅनडाचेच उदाहरण घेतले आहे.

अधिकाऱ्याच्या मनातला मुख्य प्रश्न कॅनडाच्या स्थलांतर नियमावलीतील कलम १७९ मधून येतो: आलेली व्यक्ती ठरलेल्या मुदतीच्या अखेरीस देश सोडून परत जाईल, अशी त्याची खात्री पटली पाहिजे. त्यामुळे पत्रातल्या जिव्हाळ्यापेक्षा त्यातल्या तारखांना अधिक वजन असते. माझ्या पाहण्यात आलेली फसलेली पत्रे बहुतेक तारखांपाशीच फसली होती. एका पत्रात मुलाने ‘आई-बाबा सहा महिने राहतील’ असे लिहिले होते, अर्जात चार महिने भरले होते आणि प्रसूतीची अपेक्षित तारीख तर कुठेच नव्हती. त्या अर्जाला नकार आला, तेव्हा कारणांत भेटीचा हेतू पटला नाही असे नमूद होते. घरातल्या कोणाचाही हेतू खोटा नव्हता, पण पत्र आणि अर्ज दोन वेगळ्या गोष्टी सांगत होते.

आधी तारखा ठरवाव्यात, मग लेखणी उचलावी

समजा, मुलगा कॅल्गरीत राहतो, तो तिथला कायम रहिवासी आहे आणि सुनेच्या प्रसूतीची अपेक्षित तारीख २० ऑक्टोबर २०२६ आहे. वडिलांची गुहागर तालुक्यात हापूसची बाग आहे. पूर्ण दिवसांची प्रसूती साधारणतः सदतिसाव्या आठवड्यानंतर केव्हाही होऊ शकते, म्हणजे या उदाहरणात २९ सप्टेंबरपासून पुढे. सोबतीला कोणी हवे असेल तर आई-वडिलांनी शेवटच्या दिवशी पोहोचून चालणार नाही. दुसरीकडे, गणेशचतुर्थी १४ सप्टेंबरला आहे आणि कोकणातला माणूस घरचा गणपती सोडून विमानात बसणार नाही. म्हणून गौरी-गणपतीचे विसर्जन, त्यानंतरची घराची आवराआवर आणि मुंबईपर्यंतचा प्रवास धरून ४ ऑक्टोबर, रविवार, हा पोहोचण्याचा दिवस ठरतो. अपेक्षित तारखेच्या आधी सोळा दिवस हाताशी राहतात.

परतीची तारीख ठरवताना बाळाच्या वयाइतकाच बागेचा विचार करावा. मोहोर नोव्हेंबर-डिसेंबरपासून येऊ लागतो, फवारण्या जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत चालतात आणि फळाची काढणी साधारण मार्चपासून सुरू होते. वडील १० जानेवारी २०२७ रोजी परत निघाले तर मुक्काम बरोबर चौदा आठवड्यांचा होतो, बाळ पावणेतीन महिन्यांचे झालेले असते आणि पुढच्या फवारण्यांना मालक बागेत हजर असतो. सुरुवातीच्या फवारण्या काका पाहणार असतील तर तसे पत्रात स्पष्ट लिहावे, कारण बाग एवढी महत्त्वाची असेल तर मोहोराच्या वेळी हे कसे येतात, ही शंका अधिकाऱ्याला येणे साहजिक आहे.

कॅनडात शिरताना सीमेवरचा अधिकारी वेगळी तारीख देत नाही, तेव्हा पाहुण्याला सहसा सहा महिने राहता येते. म्हणून पुष्कळ मुले पत्रात सरळ सहा महिने लिहून मोकळी होतात. तसे करू नये. परवानगी सहा महिन्यांची मिळणे आणि गरज चौदा आठवड्यांची असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्रात गरज लिहावी. बाळंतपणात काही अडचण आली, तर मधले दिवस हाताशी असतातच आणि त्याहून जास्त काळ लागला तर मुदत संपण्यापूर्वी वाढीचा अर्ज करता येतो.

पत्रात काय यावे

कॅनडाच्या स्थलांतर विभागाने निमंत्रणपत्रातील बाबी ठरवून दिल्या आहेत. निमंत्रितांचे पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, दूरध्वनी, नाते, भेटीचा हेतू, किती दिवस आणि कुठे राहणार, खर्च कसा भागणार आणि देश केव्हा सोडणार, हे त्यांच्या बाजूचे. मुलाने स्वतःचे पूर्ण नाव, जन्मतारीख, तिथला पत्ता व दूरध्वनी, नोकरीतील हुद्दा, नागरिक की कायम रहिवासी आणि त्याच्या पुराव्याची प्रत, पत्नी व अवलंबितांची नावे आणि जन्मतारखा, घरात एकूण किती माणसे राहतात, एवढे द्यायचे.

यातली नावाची बाब आपल्याकडे फार गोंधळ करते. आईचे नाव पासपोर्टवर एक, आधारवर दुसऱ्या स्पेलिंगने आणि जुन्या कागदावर माहेरचे, असे असते. पत्रात पासपोर्टवरचेच नाव अक्षर न अक्षर तसेच लिहावे आणि दुसरे नाव ज्या कागदावर आहे त्याबद्दल एक वाक्य द्यावे.

आता मधला मजकूर पाहू. पत्र इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये द्यायचे असते, पण मसुदा आधी मराठीत मनाशी पक्का केला की भाषांतर सोपे जाते:

“माझी पत्नी गरोदर असून तिच्या प्रसूतीची अपेक्षित तारीख २० ऑक्टोबर २०२६ आहे. डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे. हे आमचे पहिले अपत्य आहे. या प्रसंगी आमच्यासोबत राहण्यासाठी मी माझ्या आई-वडिलांना ४ ऑक्टोबर २०२६ ते १० जानेवारी २०२७ या काळासाठी निमंत्रित करीत आहे. ते वर दिलेल्या पत्त्यावरील आमच्या भाड्याच्या घरात राहतील. या घरात दोन शयनकक्ष आहेत आणि त्यांपैकी एक त्यांच्यासाठी राखून ठेवला आहे. सध्या घरात आम्ही दोघेच राहतो. त्यांचा विमानप्रवास, भोजन आणि प्रवासी आरोग्य विमा यांचा खर्च मी करीन. वडिलांची रत्नागिरी जिल्ह्यात आंब्याची बाग आहे. माझे काका त्यांच्या अनुपस्थितीत मोहोराच्या सुरुवातीची कामे पाहतील आणि जानेवारीपासून पुढच्या हंगामाची जबाबदारी वडील स्वतः घेतील.”

या मजकुरात ‘आई बाळाला सांभाळेल आणि आम्ही दोघे कामावर जाऊ’ असे नाही, हे लक्षात घ्यावे. कॅनडाच्या नियमांनुसार भेटीला आलेल्या आईने मुलीला मूल सांभाळण्यात विनामोबदला मदत केली तर ते काम धरले जात नाही, त्यामुळे सुनेला मदत होईल हे लपवायचे कारण नाही. पण आई-वडील म्हणजे पगाराविना ठेवलेली दाई, असा समज होईल अशी वाक्ये टाळावीत. भेटीचा हेतू जन्माच्या वेळी सोबत असणे, हाच आहे.

राहण्याच्या सोयीबद्दल ‘माझ्या घरी राहतील’ एवढे लिहून भागत नाही. पत्ता, घर भाड्याचे की स्वतःचे, खोल्या किती, राहणारी माणसे किती, हे सांगून भाडेकराराची प्रत जोडावी. करारात राहणाऱ्यांची संख्या मर्यादित केलेली असेल किंवा पाहुण्यांच्या मुक्कामाला अट असेल, तर घरमालकाची लेखी संमती आधीच घ्यावी. एका खोलीच्या घरात चौघे आणि बाळ राहणार असतील तर तेही खरे सांगावे आणि कसे राहणार ते लिहावे.

पत्राला आधार देणारे कागद

मुलाच्या बाजूने नोकरीचे पत्र, अलीकडच्या पगारपावत्या आणि आयकर विभागाकडून आलेली करनिर्धारणाची सूचना पुरते. प्रसूतीनंतर तो स्वतः रजेवर जाणार असेल तर रजेचा काळ आणि त्या काळातले उत्पन्न पत्रात सांगणे चांगले, कारण नोकरीच्या पत्रावरचा पूर्ण पगार त्या महिन्यांत येणार नसतो.

आई-वडिलांच्या बाजूने खरी मेहनत सातबाऱ्यावर असते. कोकणात पुष्कळदा सातबाऱ्यावर अजून आजोबांचे नाव असते किंवा भाऊबंदांची सामायिक नोंद असते. अशा वेळी वारसनोंदीचा फेरफार आणि आठ-अ जोडून वडिलांचा हिस्सा एका परिच्छेदात समजावून द्यावा. हे कागद मराठीत असल्याने इंग्रजी भाषांतर लागते. भाषांतरकार प्रमाणित नसेल तर त्याचे प्रतिज्ञापत्रही लागते आणि हे काम घरातल्या कोणी करून चालत नाही.

बँकेच्या खात्याविषयीही दोन वाक्ये लिहावीत. आंब्याचे पैसे हंगामात आणि त्याच्या पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत एकदम येतात आणि उरलेले वर्षभर खाते शांत असते. हे आपल्याला ठाऊक आहे, तिथल्या अधिकाऱ्याला नाही. त्याला ती मोठी रक्कम व्हिसासाठी तात्पुरती भरल्यासारखी वाटू शकते. म्हणून व्यापाऱ्याकडची पट्टी किंवा पावती त्या नोंदीशी जुळवून द्यावी.

केव्हा पाठवावे आणि नंतर काय

पत्र साधारण विसाव्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे या उदाहरणात जूनच्या आरंभी तयार ठेवावे. त्याआधी सोनोग्राफीवरून तारीख पक्की झालेली असते. अर्जाला लागणारा वेळ बदलत असतो, त्यामुळे स्थलांतर विभागाच्या संकेतस्थळावर त्या दिवशी दाखवलेला काळ पाहून मागे मोजणी करावी. परत न मिळणारी तिकिटे व्हिसा हाती येईपर्यंत काढू नयेत.

आई आणि वडील यांचे अर्ज स्वतंत्र असतात. पत्र एकच लिहून त्याची सही केलेली प्रत दोन्ही अर्जांना जोडावी. नोटरीचा शिक्का तिथल्या कार्यालयाने मागितला तरच लागतो. अर्ज भरल्यावर बोटांच्या ठशांचे पत्र येते आणि ठसे देण्यासाठी ३० दिवस मिळतात. दोघांची वेळ मुंबईच्या केंद्रात एकाच दिवशी घेतली तर गुहागरहून एकच फेरी पुरते. ७९ वर्षांवरील व्यक्तीला ठसे द्यावे लागत नाहीत.

व्हिसा आल्यावर पत्राची एक प्रत, डॉक्टरांचे पत्र आणि परतीच्या तिकिटाची प्रत आईच्या हातातल्या पिशवीत ठेवावी, सामानात टाकू नये. सीमेवरचा अधिकारी कुणाकडे जात आहात, कशासाठी आणि परत केव्हा जाणार, हे पुन्हा विचारू शकतो. मुलाने निघण्याच्या आठवड्यात दोघांना फोनवर मुलाचा पत्ता आणि १० जानेवारी ही तारीख म्हणून दाखवायला सांगावी. इंग्रजी येत नसेल तर तारीख आणि पत्ता कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पासपोर्टमध्ये ठेवावा.